मुदत कमी करू की हप्ता? आणि बँक म्हणते तो दोन टक्के चार्ज

पत्र

आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो. २०२१ साली साडेतेहेतीस लाखांचं गृहकर्ज घेतलं, फ्लोटिंग रेटचं, १६ वर्षांसाठी. मी ५८व्या वर्षी निवृत्त होईन, तोवर फिटावं हा हिशेब होता. तेव्हा दर ७.१५ टक्के होता, आता ८.४० आहे. हप्ता पहिल्यापासून २९,३६७ रुपये. पाच वर्षं एकही हप्ता चुकला नाही, तरी ३० लाख बाकी आणि १८० हप्ते शिल्लक दाखवतात! मी आत्ताच ४७ पूर्ण केली. गावाकडच्या जमिनीचे माझ्या वाट्याचे आठ लाख आलेत. कर्जात भरायचे म्हणून शाखेत गेलो, तर 'मुदत कमी करू की हप्ता' असं विचारलं आणि वर म्हणाले की दोन टक्के चार्ज लागेल. दुसऱ्या काउंटरवरचा म्हणाला काही लागत नाही. पत्नी सहकर्जदार आहे, ती घरून शिकवण्या घेते. मुलगी दोन वर्षांत बारावी होईल. माझ्या कंपनीत कपातीची कुजबुज चालू असते. आम्ही नेमकं काय करावं?

— एक वाचक

उत्तर

नमस्कार.

चार्जचं आधी उरकून घेऊ, कारण तो लागणार असेल तर पुढचं गणित बदलतं. तुमच्या बाबतीत तो लागत नाही. दुसऱ्या काउंटरवरचे बरोबर बोलले.

व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग रेटच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ साली सांगितलं. २०१४ मध्ये हाच नियम व्यक्तींच्या सगळ्या फ्लोटिंग मुदतकर्जांना लागू झाला. पुढे २०१९ मध्ये स्पष्ट केलं की कर्ज व्यवसायासाठी नसेल तर सहकर्जदार असो वा नसो, दंड नाहीच. म्हणजे पत्नीचं नाव कर्जात आहे म्हणून काही बिघडत नाही. जुलै २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने या विषयावर एकत्रित निर्देश काढले. ते १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी आहेत आणि त्यांत नियम आणखी सैल केलाय: पैसे कुठून आणले हे बघायचं नाही, थोडे भरा नाहीतर सगळे, आणि 'अमुक महिने थांबा' ही अटही नाही. तुमचं कर्ज २०२१चं असल्यामुळे तुम्हाला आधीचे नियम लागू. तेवढे पुरेसे आहेत.

मग पहिल्या माणसाने दोन टक्के कुठून आणले? बहुतेक वेळा ते दरपत्रकातून येतात. बँकेच्या दरपत्रकात मुदतपूर्व फेडीची एकच ओळ असते आणि तिच्यात फिक्स्ड रेट, व्यवसायासाठी घेतलेलं तारण कर्ज, कंपनीच्या नावावरचं कर्ज असं सगळं एकत्र असतं. काउंटरवरचा माणूस आकडा वाचतो, खालची बारीक टीप वाचत नाही. तुम्ही मात्र आपल्या कागदात तीन गोष्टी बघून घ्या. पहिली, दर आजच्या तारखेला खरंच फ्लोटिंग आहे का. काही कर्जांत पहिली दोन-तीन वर्षं दर स्थिर असतो आणि मग फ्लोटिंग होतो. दुसरी, कर्ज तुम्हा दोघांच्या नावावर आहे की एखाद्या फर्मच्या. तिसरी, मंजुरीपत्रात उद्देश 'घर खरेदी' असाच लिहिलाय का. तुमचा दर ७.१५ वरून ८.४० वर आला त्याअर्थी तो फ्लोटिंगच आहे, आणि बाकी दोन गोष्टींची शंका यावी असं तुमच्या पत्रात काही नाही. हे सगळं मंजुरीपत्रासोबत मिळालेल्या एमआयटीसी नावाच्या, कर्जाच्या मुख्य अटींच्या चार-पाच पानी कागदात सापडेल. हल्लीच्या कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा सुटसुटीत तक्ता जोडतात, पण तो ऑक्टोबर २०२४ पासून सक्तीचा झाला. तुमच्याकडे नसेल, तर शोधत बसू नका.

ज्यांचं कर्ज पतसंस्थेचं आहे त्यांनी मात्र वरचं वाचून भांडायला जाऊ नये. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, सहकार खात्याच्या येतात. तिथे कर्जरोख्यात काय लिहिलंय तेच बघावं लागतं. सहकारी बँक ही वेगळी गोष्ट. तिला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात.

आता १८० हप्त्यांचं कोडं. यात फसवणूक नाही, पण तुम्हाला कोणी नीट सांगितलंही नाही. तुम्ही कर्ज घेतलंत तेव्हा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ टक्के होता आणि तुमचा ७.१५, म्हणजे बँकेने वर ३.१५ लावले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो साडेसहावर गेला. तुमचा दरही अडीच टक्क्यांनी चढला असणार. बँकेने हप्त्याला हात लावला नाही, मुदत लांबवत नेली. त्या काळात तुमच्या हप्त्यातला फार मोठा भाग नुसत्या व्याजात जात होता. २०२५ मध्ये रेपो टप्प्याटप्प्याने खाली आला, डिसेंबरच्या कपातीनंतर ५.२५ झाला, आणि त्यात ३.१५ मिळवले की तुमचे ८.४० येतात. आकडा जुळतो. पाच वर्षांत तुम्ही साडेसतरा लाखांहून जास्त भरलेत आणि मुद्दल साडेतीन लाखांनीच उतरलं, ते यामुळे. १६ वर्षांचं कर्ज अशा रीतीने २० वर्षांचं झालं आणि शेवटचा हप्ता तुमच्या ५८व्या वर्षाऐवजी ६२व्या वर्षात जाऊन पडला.

ऑगस्ट २०२३ पासून नियम असा आहे की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारायचं. शिवाय दर तिमाहीला आजवर किती मुद्दल-व्याज वसूल झालं, किती हप्ते उरलेत आणि दर काय, हे कळवायचं. हा मजकूर बहुधा तुमच्या ई-मेलमध्ये न उघडता पडलेला असेल. या आठवड्यात उघडा.

आता तुमचा खरा प्रश्न. आठातले पाच लाख भरले असं धरून चालू. पाचच का, ते पुढे सांगतो.

आज तुमच्या ३० लाखांवर महिन्याला ०.७ टक्के, म्हणजे २१,००० रुपये व्याज लागतं. हप्ता २९,३६७. त्यामुळे या महिन्यात मुद्दलातून ८,३६७ रुपये कमी होतात. पाच लाख भरलेत की बाकी २५ लाख आणि व्याज १७,५०० रुपये. हे व्याज तुम्ही कुठलाही पर्याय घेतलात तरी तेवढंच. फरक पडतो तो पुढे.

मुदत कमी करायचं ठरवलंत तर हप्ता २९,३६७ च राहतो, त्यातले ११,८६७ मुद्दलात जातात आणि कर्ज १८० ऐवजी १३० हप्त्यांत फिटतं. ५० हप्ते वाचले, म्हणजे चार वर्षं दोन महिने. दर असाच राहिला तर एकूण व्याजात सुमारे ९ लाख ७१ हजारांची बचत.

हप्ता कमी करायचं ठरवलंत तर नवा हप्ता २४,४७२ होतो, म्हणजे महिन्याला ४,८९५ रुपये हातात. मुदत १८० महिनेच. व्याजातली बचत सुमारे ३ लाख ८१ हजार. आणि एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: या पर्यायात पहिल्या महिन्यात मुद्दलात फक्त ६,९७२ रुपये जातात. पाच लाख भरण्याआधी ८,३६७ जात होते! तुम्ही मोठी रक्कम भरलीत आणि पुढची फेड मात्र आधीपेक्षा मंद झाली.

पावणेदहा विरुद्ध पावणेचार असे आकडे बघून लोक लगेच म्हणतात, मग मुदतच कमी करायची, विचार कसला? पण हा सहा लाखांचा फरक बँकेने दिलेली सवलत नाही. पहिल्या पर्यायात तुम्ही दर महिन्याला ४,८९५ रुपये जास्त भरत राहता, त्याचं ते फळ आहे. दुसरा पर्याय घेऊन तेच ४,८९५ रुपये दर महिन्याला आपणहून कर्जात टाकत गेलात, तर कर्ज बरोबर त्याच १३० महिन्यांत फिटेल आणि व्याजही तेवढंच वाचेल. चार्ज शून्य असल्यामुळेच हे शक्य आहे. तेव्हा निवड व्याजाची नसून बंधनाची आहे: ते ४,८९५ रुपये बँकेने दर महिन्याला खेचून घ्यावेत, की ते तुमच्या इच्छेवर सोडावेत?

इच्छेवर सोडण्यात एक मोठा फायदा आहे. नोकरी गेली तर त्या महिन्यापासून २४,४७२ वर थांबता येतं, कोणाला अर्ज करायचा नाही. उलट, मुदत कमी करून घेतलीत आणि दीड वर्षाने हप्ता झेपेना म्हणून बँकेकडे गेलात, तर मुदत पुन्हा वाढवून मिळेलच असं नाही. अडचणीत असताना केलेला तसा बदल कर्जाची पुनर्रचना म्हणून नोंदला जाऊ शकतो, आणि ती नोंद सिबिलसारख्या ठिकाणी दिसते. हप्ता कमी असताना जास्त भरणं केव्हाही सोपं, हप्ता जास्त असताना कमी करून मागणं अवघड. दोन वाटा सारख्या नाहीत.

तोटा तुम्हाला ठाऊकच आहे. ते ४,८९५ रुपये खात्यात राहिले की गणपतीत जातात, दिवाळीत जातात, मुलीच्या क्लासच्या फीमध्ये जातात. त्यात चूक काही नाही, पण कर्ज फिटत नाही. तसंच काही बँका किरकोळ रक्कम पार्ट पेमेंट म्हणून घेत नाहीत, किमान एका हप्त्याएवढी तरी लागते असं म्हणतात. मग सहा-आठ महिने साठवून भरावं लागतं, आणि साठवलेला पैसा टिकवणं हे भरण्याहून कठीण.

तुमच्या घरासाठी मी मुदत कमी करा म्हणेन. कारण तुमचं निवृत्तीचं वय. आज ४७ पूर्ण, ५८ ला १३२ महिने उरले. १३० हप्त्यांत कर्ज संपलं तर निवृत्तीच्या दोन महिने आधी घर मोकळं. हप्ता कमी करून १८० च ठेवलेत आणि जादा काही भरलं नाहीत, तर निवृत्तीच्या दिवशी सुमारे ९ लाख ९५ हजार रुपये बाकी असतील. ते ग्रॅच्युइटी किंवा पीएफमधून द्यावे लागतील. पाच लाख आज भरूनही शेवटी जवळजवळ दहा लाख निवृत्तीच्या पैशांतून जाणार असतील, तर तुमचा मूळचा हिशेब तिथेच मोडला.

आणि कपातीची भीती? त्यासाठीच आठपैकी तीन लाख कर्जात टाकू नका. तीन लाख म्हणजे २९,३६७ चे दहा हप्ते. नोकरी गेली तर दहा महिने कर्जाची घंटा वाजणार नाही, आणि पत्नीच्या शिकवण्यांवर किराणा चालेल. कर्जात एकदा टाकलेला पैसा परत मागता येत नाही. पुन्हा लागला तर टॉप-अप कर्ज घ्यावं लागतं, आणि नोकरी गेलेल्या माणसाला टॉप-अप कोण देणार? आठही लाख भरलेत तर कर्ज साधारण १०७ महिन्यांत फिटेल हे खरं. ऐकायला गोड वाटतं. पण १३० मध्ये तुमचं काम होतंय, मग त्या जादा २३ महिन्यांसाठी घर उघडं टाकण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. हे तीन लाख ठेवीत ठेवा. व्याज कर्जापेक्षा कमी मिळेल, मिळू दे. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी यातूनच काढायचा मोह होईल, म्हणून ठेव स्वतंत्र पावतीची करा.

माझं उत्तर उलट केव्हा असतं? तुमचा हप्ता घरात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास असता, किंवा शिकवण्यांच्या पैशाशिवाय हप्ता निघत नसता, किंवा वय ३२ असतं. अशा घराने हप्ता कमी करून घ्यावा आणि जमेल तसं भरत जावं. तुमच्या पत्रात पगार लिहिलेला नाही, पण पाच वर्षं एकही हप्ता चुकला नाही यावरून तो झेपतोय असं धरतो. नसेल झेपत तर वरचं सगळं बाजूला ठेवून हप्ता कमी करा. काही बँका दोन्ही थोडं थोडं करून देतात, हप्ता २७ हजारांवर आणि मुदत मधली कुठली तरी. फॉर्मवर तो चौकोन नसतो, तोंडाने विचारावं लागतं.

प्राप्तिकराचं थोडक्यात. नवी करप्रणाली घेतली असेल तर स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाहीच, त्यामुळे विचार करायचं कारण नाही. जुनी असेल तर व्याजाची मर्यादा वर्षाला दोन लाख. आज तुमचं वार्षिक व्याज जवळजवळ अडीच लाख आहे, पाच लाख भरल्यावर पहिल्या वर्षी ते दोन लाखांच्या आसपास राहील. म्हणजे वजावट गमावण्याची भीती दाखवून कोणी अडवत असेल तर पहिल्या वर्षी तरी त्यात दम नाही.

पैसे भरण्याआधी बँकेला आणखी एक प्रश्न विचारा: नव्या ग्राहकाला आज रेपोवर किती टक्के लावता? तुमचे ३.१५ आहेत. नव्यांना त्याहून कमी लावत असतील तर तुमचाही फरक कमी करून मागा. यासाठी बँक दर बदलण्याचं शुल्क घेऊ शकते आणि त्यावर जीएसटी लागतो. तो मुदतपूर्व फेडीचा दंड नव्हे. २५ लाखांवर अर्धा टक्का उतरला तरी वर्षाचे साडेबारा हजारांच्या घरात वाचतात, त्यामुळे काही हजारांचं एकदाच द्यायचं शुल्क बहुधा परवडतं. शुल्काचा आकडा आधी लेखी घ्या.

भरायचे कसे, यात लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. हप्ता ५ तारखेला जात असेल तर तो जाऊ द्या, दोन-तीन दिवसांनी भरा. हप्त्याच्या तोंडावर वसुलीची फाइल आधीच गेलेली असते आणि काही बँका त्या दिवसांत पार्ट पेमेंट घेतच नाहीत. बँकेच्या ॲपमध्ये 'पार्ट प्रीपेमेंट' आणि 'ॲडव्हान्स ईएमआय' असे दोन वेगळे पर्याय दिसू शकतात. दुसऱ्यात पैसे गेले तर ते मुद्दलातून वजा होत नाहीत, पुढच्या हप्त्यांसाठी नुसते पडून राहतात आणि व्याज ३० लाखांवरच चालू राहतं. चेक देत असाल तर मागे कर्जखात्याचा क्रमांक आणि 'मुद्दलात अंशतः परतफेड' असं लिहा. सोबत दोन ओळींचा अर्ज, दोघांच्या सह्यांचा:

"आमच्या कर्जखात्यात ५,००,००० रुपये मुद्दलाची अंशतः परतफेड म्हणून जमा करावेत. हप्ता २९,३६७ रुपये कायम ठेवून मुदत कमी करावी आणि नवीन परतफेड तक्ता द्यावा. शुल्क लागत असल्यास रक्कम आणि त्यामागचा नियम लेखी कळवावा."

पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. हे आग्रहाने सांगतो, कारण अर्जात काही लिहिलं नाही तर बँकेची यंत्रणा जे ठरवून ठेवलेलं असेल ते करते, आणि ते प्रत्येक बँकेत वेगळं असतं. अर्जातलं शेवटचं वाक्य विशेष कामाचं आहे. तोंडी मागितलेले दोन टक्के लेखी द्यायची वेळ आली की बरेचदा विरून जातात.

आठवड्याभराने स्टेटमेंट काढा. जमा बाजूला ५,००,००० पूर्ण दिसले पाहिजेत. ४,८८,२०० दिसले तर समजा चार्ज कापलाय: दोन टक्क्यांचे दहा हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे अठराशे. मग नवा तक्ता बघा, त्यात उरलेले हप्ते १३० च्या आसपास हवेत. १८० दिसले आणि हप्ता २४,४७२ झाला असेल तर अर्ज न वाचता दुसरा पर्याय टाकलाय. शेवटी पुढच्या हप्त्यातलं व्याज. समजा १२ तारखेला पैसे जमा झाले आणि बँक रोजच्या बाकीवर व्याज लावते. तर ३० दिवसांच्या महिन्यात सात दिवस ३० लाखांवर आणि तेवीस दिवस २५ लाखांवर, मिळून सुमारे १८,३१७ रुपये व्याज येईल. त्याच्या पुढच्या महिन्यापासून १७,५०० च्या खाली. महिन्याच्या बाकीवर व्याज लावणारी बँक असेल तर पहिल्या महिन्यात २१,०००च्या आसपास दिसेल, त्यात गैर नाही. पण दुसऱ्या महिन्यातही तेवढंच असेल तर पैसे मुद्दलात गेलेले नाहीत. स्टेटमेंट हातात घेऊन शाखेत जा.

चार्ज कापलाच तर आधी शाखेला लेखी तक्रार, मग बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. अर्जाची शिक्क्याची प्रत आणि स्टेटमेंटचं ते पान जोडा.

१३० हा आकडा दर ८.४० राहील असं धरून काढलाय, आणि दर तसाच राहणार नाही. पाच लाख भरल्यावर तो अर्ध्या टक्क्याने वाढला आणि बँकेने पुन्हा मुदतच लांबवली, तर १३० चे १३५ होतील आणि तुमचं ५८वं वर्ष पुन्हा हुकेल. त्या वेळी मुदत १३० च ठेवा म्हणून सांगितलंत तर हप्ता साधारण ६७० रुपयांनी वाढेल, एवढंच. तिमाही स्टेटमेंट आलं की बाकीचं नंतर वाचा, आधी उरलेल्या हप्त्यांचा आकडा बघा. तो महिन्यागणिक एकेकाने उतरत नसेल तर बँकेला त्याच आठवड्यात लिहा.